डिस्क एक तृतीयांश रिकामी, तरी ‘जागा नाही’: रेडिसची वही आणि वही बदलायला लागणारी जागा

ऐन केळीच्या हंगामात, रात्री अडीचला फोन वाजला. सावद्याहून. “भाऊ, काय झायं? टोकन निघत नही.” मागे गाड्यांचे इंजिन घरघरत होते. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यातून केळी घेऊन उत्तरेकडे निघणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवणारी एक सेवा आहे. गाडी कुठे पोचली, काट्यावर वजन किती भरलं, टोकन कुठलं, असं सगळं तिच्यात असतं. तिच्या सर्व्हरची देखभाल जळगावात बसून मी करतो. मी लॅपटॉप उघडला, तर समोर तिच्या नोंदी सांभाळणाऱ्या रेडिस या प्रोग्रामचा हा संदेश:

```
MISCONF Errors writing to the AOF file: No space left on device
```

म्हणजे डिस्कवर जागा नाही. मी `df -h` मारून पाहिलं. वीस जीबीची डिस्क, बारा वापरलेली, सात जीबी शिल्लक. एक तृतीयांश डिस्क रिकामी पडलेली, आणि प्रोग्राम म्हणतो जागा नाही! मिनिटभराने टोकनं आपोआप सुरू झाली. थोड्या वेळाने पुन्हा बंद पडली.

रेडिस चालवणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हा प्रसंग येऊ शकतो, आणि पहिल्यांदा येतो तेव्हा माणूस चक्रावतो. दोष डिस्कचा नसतो, प्रोग्रामचाही नसतो. आपण जागेचा हिशेब चुकीच्या क्षणी धरलेला असतो.

## रेडिस नेमकं करतो काय

रेडिस हा ‘की-व्हॅल्यू स्टोअर’ आहे. अमुक नावासमोर अमुक किंमत, अशा जोड्या तो सांभाळतो. ‘रावेरचा भाव’ हे नाव, त्यासमोर ‘१४५०’. सगळ्या जोड्या तो रॅममध्ये ठेवतो, म्हणून उत्तर पटकन देतो. साल्वातोरे सानफिलिपो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये तो लिहिला. २०२४ मध्ये परवान्यावरून वाद झाला आणि त्यातून वाल्की नावाची वेगळी शाखा फुटली. पुढे जे सांगतोय ते तिलाही लागू आहे, कारण ही यंत्रणा तिला वारशातच मिळाली.

रॅमची खोड आपल्याला ठाऊक आहे. वीज गेली की सगळं पुसलं जातं. म्हणून रेडिस डिस्कवर एक वही ठेवतो. तिचं नाव एओएफ, म्हणजे जिच्या शेवटी फक्त भर घालायची अशी फाइल. बदल करणारा प्रत्येक हुकूम रेडिस रॅममध्ये अमलात आणतो आणि लगोलग या वहीच्या तळाशी लिहितो. आधीची ओळ खोडत नाही, मध्ये घुसडतही नाही. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला की वही पहिल्या ओळीपासून वाचतो, सगळे हुकूम पुन्हा चालवतो आणि होतं त्या ठिकाणी येऊन उभा राहतो.

आमच्याकडच्या जुन्या पेढीवरची रोजकीर्द आठवा. आज अमक्याकडून वीस हजार आले, तमक्याला आठ हजार दिले, अशा ओळी एकाखाली एक. खोडाखोड चालत नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची. वरपासून खालपर्यंत बेरीज-वजाबाकी केली की आजची बाकी निघते. एओएफ ही रेडिसची रोजकीर्द.

## वही फुगते कशी

वहीतली एक नोंद जवळून पाहू. `bhav:raver` या नावाला १४५० ही किंमत दिली, तर एओएफमध्ये हे उतरतं:

```
*3
$3
SET
$10
bhav:raver
$4
1450
```

पहिल्या ओळीत ‘पुढे तीन तुकडे आहेत’ असं सांगितलंय. मग प्रत्येक तुकड्याची लांबी आणि त्यानंतर तो तुकडा. प्रत्येक ओळ संपवायला न दिसणारी दोन अक्षरं लागतात. ती धरून एका नोंदीचे होतात ४० बाइट.

दिवसभरात भाव हजार वेळा बदलला, तर वहीत हजार नोंदी, म्हणजे ४० हजार बाइट. रॅममध्ये मात्र नाव एक आणि किंमत एकच, शेवटची. उरलेल्या ९९९ नोंदी खोट्या नाहीत, पण आता त्यांचा उपयोग शून्य. ट्रकच्या जीपीएसचं तर विचारूच नका. दर अर्ध्या मिनिटाला ‘मी इथे’, ‘मी इथे’, आणि आपल्याला हवं असतं शेवटचं ‘इथे’.

त्यामुळे वहीचा आकार आपल्याकडे माहिती किती आहे यावर ठरत नाही, आपण हात किती चालवला यावर ठरतो. आमच्या सेवेत सेकंदाला सरासरी शंभर केबी नोंदी पडत होत्या. दिवसाचे झाले साडेआठ जीबी. असंच चालू दिलं तर कुठलीही डिस्क कधी ना कधी भरेल, आणि सर्व्हर उठताना ती सगळी वाचत बसेल ते वेगळंच.

## नवी वही घालणं

यावर पेढीवाल्यांचा तोडगा जुनाच आहे. लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजायची, जुन्या वहीतली प्रत्येक खात्याची बाकी नव्या वहीत ओढायची आणि जुनी वही बासनात बांधायची. वर्षभराच्या हजारो ओळी गेल्या, राहिल्या खातेवार बाक्या.

रेडिसही हेच करतो. याला रिराइट म्हणतात. हाताने करायचं तर `BGREWRITEAOF` हा हुकूम द्यायचा, नाहीतर फाइल ठरावीक प्रमाणात फुगली की तो आपण होऊन करतो. नावात ‘रिराइट’ असलं तरी जुनी फाइल तो वाचत नाही की बदलत नाही. त्याच्याजवळ रॅममध्ये आजची स्थिती तयारच आहे. तिच्यावरून तो कोरी फाइल लिहून काढतो.

अडचण एवढीच की पेढी दिवाळीत चार दिवस बंद ठेवता येते, सर्व्हर बंद ठेवता येत नाही. बाक्या ओढायचं काम चालू असतानाच गिऱ्हाईक दारात उभं असतं. म्हणून रेडिस स्वतःची एक जुळी प्रक्रिया काढतो. या जुळ्याला त्या क्षणाची रॅम जशीच्या तशी दिसते, आणि नवी फाइल लिहिण्याखेरीज त्याला दुसरं काम नाही. मूळ प्रक्रिया गिऱ्हाईक सांभाळत राहते आणि मधल्या काळातल्या नोंदी वेगळ्या कच्च्या वहीत टाकते.

२०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून ही मांडणी फाइलींच्या नावांतही स्पष्ट दिसते. `appendonlydir` नावाच्या फोल्डरमध्ये या फाइली असतात:

```
appendonly.aof.4.base.rdb
appendonly.aof.4.incr.aof
appendonly.aof.manifest
```

`base` म्हणजे ओढलेल्या बाक्या. ती साध्या मजकुरात नसते, आवळून बांधलेल्या रूपात असते. `incr` म्हणजे त्यानंतरच्या रोजच्या नोंदी, वर दाखवल्या तशा ऐसपैस. `manifest` हा छोटासा कागद, ‘सध्या चालू वह्या कोणत्या’ एवढंच सांगणारा. जुळ्याचं काम संपलं की नव्या फाइलीला नाव मिळतं, मॅनिफेस्ट एका झटक्यात बदलला जातो, आणि त्यानंतर, पुन्हा सांगतो, त्यानंतरच जुन्या फाइली पुसल्या जातात.

## गादीवर तीन वह्या

आता मुनीमजींची गादी डोळ्यासमोर आणा. बाक्या ओढल्या जात असताना तिच्यावर काय काय आहे? जुनी वही पूर्ण उघडी, नवी वही भरत चाललेली, आणि आजच्या गिऱ्हाइकांची कच्ची वही. काम संपल्यावर जुनी उचलली जाईल आणि गादी मोकळी होईल. पण संपेपर्यंत तिन्ही वह्या तिथेच असणार. गादी त्या तिघींना पुरेल एवढी रुंद हवी.

डिस्कचंही तसंच. रिराइट पूर्ण व्हायच्या क्षणी लागणारी जागा म्हणजे जुन्या एओएफचा पूर्ण आकार, अधिक नव्या बेसचा आकार, अधिक तेवढ्या वेळात पडलेल्या नव्या नोंदी.

गोम अशी की जागा मोकळी करणाऱ्या या कामाला आधी जागा द्यावी लागते. आपण रोज `df` बघतो तेव्हा दिसते ती दोन रिराइटच्या मधली, निवांत वेळ. डिस्क पुरते की नाही हे ठरतं त्या दोन-अडीच मिनिटांत, आणि तेव्हा सहसा कुणी बघत नसतं.

## त्या रात्रीचा हिशेब

आमच्याकडे शेवटचा यशस्वी रिराइट झाला तेव्हा बेस साडेपाच जीबीचा होता. रेडिसच्या सेटिंगमध्ये दोन ओळी आहेत. त्यांच्या मूळ किमती अशा असतात:

```
auto-aof-rewrite-percentage 100
auto-aof-rewrite-min-size 64mb
```

मागच्या रिराइटनंतर जेवढा आकार होता त्यात शंभर टक्के भर पडली, म्हणजे तो दुप्पट झाला, की नवा रिराइट सुरू करायचा, हा पहिल्या ओळीचा अर्थ. दुसरी ओळ अगदी चिमुकल्या फाइलींसाठी रिराइटचा खटाटोप टाळते. तेव्हा साडेपाचचे अकरा जीबी झाले की आमचा रिराइट सुटायचा, साधारण पंधरा तासांनी एकदा. आधी जुळ्याची नवी फाइल साडेपाच-सहा जीबीची व्हायची. अकरा आणि सहा मिळून सतरा. वीसच्या डिस्कवर जेमतेम, पण निभावत होतं.

हंगामात गाड्या वाढल्या. मधल्या पंधरा तासांतल्या नोंदींत या खेपेला जुन्याच गाड्यांचं ‘मी इथे’ कमी आणि नव्या गाड्या, नवी टोकनं, नव्या पावत्या जास्त होत्या. पहिल्या जातीच्या नोंदी रिराइटमध्ये विरघळून जातात. दुसऱ्या जातीच्या विरघळत नाहीत, त्या बाक्या म्हणून नव्या वहीत उतरतात. त्यामुळे नवा बेस व्हायला हवा होता ७.१ जीबीचा. मधल्या अडीच मिनिटांतल्या नोंदी जेमतेम पंधरा एमबी, चिल्लर.

आणि शिल्लक होते सात जीबी. थोडक्यात हुकलं.

वीसातून बारा गेले तर आठ उरायला हवेत, मग सातच का, असं कुणी विचारेल. आमची डिस्क एक्स्ट४ पद्धतीने बांधलेली आहे. ती पद्धत सवयीने पाच टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवते. रेडिस साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला त्या राखीव जागेत पाय ठेवता येत नाही. वीसचे पाच टक्के म्हणजे एक जीबी. तो गेला. म्हणून `df` मध्ये ‘साइझ’मधून ‘यूज्ड’ वजा करत बसू नये, ‘अव्हेल’चा रकाना बघावा.

## मग `df` ला रिकामी डिस्क का दिसली

उत्तर मिळालं ते दर पाच सेकंदांनी डिस्क आणि फोल्डर दाखवणारा हा हुकूम लावून बसल्यावर:

```
watch -n 5 'df -h /var/lib/redis; ls -lh /var/lib/redis'
```

यादीत `temp-rewriteaof-21877.aof` नावाची फाइल दिसली, १.२ जीबी. मग ३.९. मग ५.८. तिकडे शिल्लक जागा तेवढीच घटत होती. ६.९ झाले, शिल्लक जागा शून्यावर टेकली, आणि पुढच्या पाच सेकंदांत फाइल गायब, सात जीबी पुन्हा मोकळे! मी चहाचा कप तोंडाशी धरून तसाच बघत राहिलो.

घडत होतं ते असं. जुळा नवी वही लिहीत जातो. डिस्क भरते. जुळ्याला लिहिता येईना, तो अर्धवट फाइल पुसून मरतो. नेमक्या त्या काही क्षणांत मूळ प्रक्रियेलाही आपली नोंद लिहायला जागा मिळत नाही. नोंद लिहिता येत नसेल तर नवे बदल स्वीकारायचेच नाहीत, असं रेडिसचं धोरण आहे, म्हणून टोकन मागणाऱ्याला `MISCONF` मिळतो. वाचणं चालू राहतं, लिहिणं थांबतं. जुळ्याची फाइल पुसली गेली की जागा परत येते, रेडिस पुन्हा लिहून बघतो, जमतं, आणि गाडं सुरळीत. आपण फोन उचलून, लॅपटॉप उघडून `df` मारेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो.

पण वही तर अजून दुप्पटच आहे. म्हणून रेडिस पुन्हा जुळा काढतो. पुन्हा तेच. लागोपाठ फसत गेलं की नव्या आवृत्त्या दम खायला शिकल्यात. एक मिनिट थांबतात, मग दोन, मग चार, असं वाढत वाढत साठ मिनिटांपर्यंत. बरेच दिवस दुर्लक्ष झालेल्या सर्व्हरवर म्हणूनच तक्रार येते ती ‘दर तासाला एकदा अडकतं’ अशी. ती ऐकली की मी आता आधी रिराइटकडेच बघतो. जुन्या आवृत्त्यांत ही विश्रांती नव्हती, त्या धडका मारतच राहायच्या.

नोंदीची शाई डिस्कवर किती वेळा पक्की करायची याचं एक सेटिंग आहे, `appendfsync`. आमच्याकडे ते `everysec` होतं, म्हणून रेडिस तग धरून राहिला. ते `always` असतं तर अशा वेळी त्याने बदल नाकारले नसते, सरळ सर्व्हरच बंद केला असता. त्या सेटिंगमध्ये प्रत्येक नोंदीची हमी दिलेली असते, आणि हमी पाळता येत नसेल तर तो चालत राहू शकत नाही.

## ओळखायचं कशावरून

`redis-cli INFO persistence` मारलं की बऱ्याच ओळी येतात. त्यांतल्या चार कामाच्या. त्या रात्री त्या अशा होत्या:

```
aof_last_bgrewrite_status:err
aof_last_write_status:ok
aof_current_size:11834420915
aof_base_size:5905580032
```

पहिली म्हणते, मागचा रिराइट फसला. दुसरी म्हणते, आत्ता लिहिणं ठीक चाललंय. बहुतेक जण दुसरी बघून सुटकेचा श्वास टाकतात. मीही टाकला होता. पण ती वाऱ्यावरच्या पताकेसारखी आहे, क्षणात इकडे, क्षणात तिकडे. पहिली मात्र पुढचा रिराइट यशस्वी होईपर्यंत `err` च राहते. लक्ष ठेवायचं ते तिच्यावर. खालच्या दोन आकड्यांचा भागाकार करा, दोनपेक्षा किंचित जास्त येतो. म्हणजे रिराइटची वेळ टळून गेलीय आणि तो होत नाहीये.

## “मग आहे त्याच फाइलीत का नाही लिहीत?”

हा प्रश्न मला आमच्या एका व्यापाऱ्यानेच विचारला, आणि बरोबर विचारला. जुन्या फाइलीतल्या निरुपयोगी नोंदी तिथल्या तिथे काढून टाकल्या तर जादा जागा लागणारच नाही.

त्याला मी उलट विचारलं, तुमच्या मुनीमजींनी जुन्या वहीची पानं फाडत फाडत त्याच वहीत बाक्या लिहायला घेतल्या आणि मध्येच त्यांना घेरी आली, तर? अर्धी वही फाडलेली, अर्धी नवी, आणि कुणाचे किती हे सांगणारा कागद उरला नाही. सर्व्हरला घेरी येणं म्हणजे वीज जाणं, रॅम संपणं, डिस्क सुटणं. नवी फाइल पूर्ण आणि पक्की होईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही, या नियमामुळेच आमचा रिराइट त्या रात्री पुनःपुन्हा फसूनही एक टोकन हरवलं नाही. जादा जागा हे त्या सुरक्षिततेचं भाडं आहे.

नवी फाइल दुसऱ्या डिस्कवर लिहून मग इकडे आणली तर? तेही होत नाही. शेवटची अदलाबदल एका झटक्यात होते कारण तिथे फक्त नाव बदललं जातं. नाव बदलणं एकाच फाइलव्यवस्थेच्या आत चालतं. डिस्क बदलली की ते नाव बदलणं राहत नाही, सात जीबी वाहून नेणं होतं.

## “टक्केवारीच कमी करून टाका ना”

शंभरऐवजी पन्नास केलं तर रिराइट लवकर सुटेल, जुनी वही कमी फुगलेली असेल, जागा कमी लागेल. खरं आहे, पण मर्यादेत. बेस सात जीबी धरा आणि तो रिराइटनंतरही तेवढाच राहतो असं धरा. शंभर टक्क्यांवर कळस होतो जुने चौदा अधिक नवे सात, एकवीस. पन्नासवर साडेदहा अधिक सात, साडेसतरा. टक्केवारी अगदी खाली आणली तरी जुना बेस आणि नवा बेस एकाच वेळी डिस्कवर असणारच, म्हणजे चौदाच्या खाली तुम्ही जाऊच शकत नाही.

शिवाय प्रत्येक रिराइटची किंमत असते. जुळा निघाला की रॅमवर ताण येतो, कारण तो लिहीत असताना मूळ प्रक्रिया जी जी पानं बदलते त्यांच्या दोन प्रती ठेवाव्या लागतात. पंधरा तासांतून एकदा हे ठीक. टक्केवारी दहावर आणून दीड-दीड तासाला करायला लागलात तर डिस्कची अडचण रॅमकडे आणि वेगाकडे सरकते. मी पन्नासवर थांबतो.

आणि त्या रात्री तर हा उपाय उपयोगाचाच नव्हता. वही आधीच अकरा जीबी झालेली होती. टक्केवारी बदलल्याने ती आटत नाही.

## “एओएफ बंद, नुसता स्नॅपशॉट ठेवा”

रेडिसची दुसरी पद्धत म्हणजे ठरावीक वेळाने सगळ्या रॅमचा फोटो काढून `dump.rdb` मध्ये ठेवणं. तिच्यात फुगणारी वही नाही हे खरं. पण नवा फोटो तोही आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितो आणि मगच जुन्याच्या जागी ठेवतो. म्हणजे तिथेही काही काळ दोन प्रती. आणि दोन फोटोंच्या मध्ये सर्व्हर पडला तर तेवढ्या मिनिटांचा सगळा व्यवहार गेला. काट्यावर वजन झालेल्या गाडीची पावती हरवली तर सावद्याहून येणारा फोन “काय झायं” एवढ्यावर थांबत नाही.

दोन्ही पद्धती एकत्र चालू असतील तर `dump.rdb` ची जागाही हिशेबात धरा. एक दिलासा आहे, रेडिस ही दोन्ही कामं एकाच वेळी काढत नाही. एक चालू असेल तर दुसऱ्याला थांबवतो.

## अडकल्यावर काय करू नये

पहिली ऊर्मी येते ती सर्वात मोठी फाइल `rm` करण्याची. `appendonlydir` मधली कुठलीही फाइल हाताने पुसू नका. बेस पुसलात तर सर्व्हर चालू असेपर्यंत काही कळणार नाही, कारण त्याचं काम रॅमवर चाललेलं असतं. पुन्हा सुरू कराल तेव्हा मॅनिफेस्ट सांगेल बेस आहे, फोल्डर म्हणेल नाही, आणि रेडिस उठायला नकार देईल. चालू `incr` पुसलीत तर जागासुद्धा सुटणार नाही, कारण रेडिसने ती उघडी धरलेली असते. नाव जातं, जागा अडकून राहते.

मी तेव्हा केलं ते एवढंच: क्लाउडच्या पॅनलवरून डिस्क वीसची बत्तीस जीबी केली आणि `resize2fs` ने फाइलव्यवस्था चालू सर्व्हरवरच ताणली. रेडिसला हातही लावला नाही. मग `BGREWRITEAOF` दिलं, कारण हाताने दिलेला हुकूम त्या तासाभराच्या विश्रांतीची वाट बघत नाही. अडीच मिनिटांनी ७.१ जीबीचा नवा बेस तयार झाला, अकरा जीबीची जुनी वही गेली आणि बत्तीसची डिस्क निम्म्याहून कमी भरलेली उरली.

बत्तीसच का, हेही सांगतो. राखीव जागा वजा जाता वापरायला तीस मिळतात. बेस ७.१ असताना वही दुप्पट होऊन १४.२ होईल. सगळ्याच नोंदी नव्या निघाल्या, काहीच विरघळलं नाही, तर नवा बेसही फार तर तेवढाच, १४.२. बेरीज २८.४. म्हणजे बेसच्या चौपट. असं प्रत्यक्षात क्वचित होतं, कारण ऐसपैस नोंदी बेसमध्ये जाताना आवळल्या जातात. रोजच्या वापरात तिप्पट पुरते, हंगामात माहिती झपाट्याने वाढत असेल तर चौपट धरावी. आणि सूचना ‘डिस्क ८० टक्के भरली’ या आकड्यावर लावू नये. `aof_base_size` च्या तिप्पट ज्या दिवशी डिस्कच्या वापरता येण्याजोग्या जागेपलीकडे जाईल, त्या दिवशी फोन वाजला पाहिजे. आमच्या नव्या डिस्कवर तो दिवस बेस दहा जीबी झाल्यावर येईल.

## न जुळलेला एक जीबी

सकाळी सगळं शांत झाल्यावर मी हिशेब पुन्हा मांडला, आणि तो जुळेना. एओएफचे अकरा जीबी होते, आणि डिस्कवर वापरलेले दिसत होते बारा. रात्री मी तो एक जीबी ‘असेल फाइलव्यवस्थेचं काहीतरी’ म्हणून सोडून दिला होता.

`ls` ची रात्रीची यादी टर्मिनलमध्ये तशीच होती. तिच्यात जुळ्याच्या फाइली दोन होत्या. एक `temp-rewriteaof-21877.aof`, वाढणारी. दुसरी `temp-rewriteaof-1143.aof`, एक जीबीची, ढिम्म न हलणारी. दोन्ही डोळ्यांसमोर होत्या, आणि मी दोन्ही चालू रिराइटच्याच समजलो. दुसरीची तारीख बघितली तर वर्षापूर्वीची. तेव्हा रिराइट चालू असताना अख्खी मशीनच बंद पडली होती. जुळा एकटा मेला तर मागची आवराआवर मूळ प्रक्रिया करते. दोघं एकदम मेले तर आवरायला कुणी उरत नाही, आणि नव्याने उठलेल्या रेडिसला ११४३ क्रमांकाचा जुळा कधी होता हेच माहीत नसतं.

अशी बेवारस फाइल पुसायला हरकत नसते, फक्त `aof_rewrite_in_progress` शून्य आहे हे बघून आणि मॅनिफेस्टमध्ये तिचं नाव नाही याची खात्री करून. मी ती पुसली. रात्री पुसली असती तर सातचे आठ जीबी झाले असते, आणि ७.१ चा नवा बेस वीसच्याच डिस्कवर बसला असता.

बहुतेक क्लाउडवर डिस्क वाढवता येते, लहान करता येत नाही. जादा बारा जीबीचं बिल आता दर महिन्याला येतं.